साफ आणि निर्जंतुक: छोट्या सलूनमधल्या टॉवेलचा, ब्लेडचा आणि फरशीचा हिशेब

आमचं दोन खुर्च्यांचं जेन्ट्स सलून आहे, तालुक्याच्या गावी. एका पावसाळ्यात नेहमीच्या एका गिऱ्हाइकाच्या मानेवर, कॉलरच्या जरा वर, गजकर्णाचं गोल चकंदळ दिसलं. ते आमच्याच टॉवेलातून गेलं असं काही सिद्ध करता येणार नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुकान रोज साफ व्हायचं, फिनेलचा वास यायचा, टॉवेल निळीत घातलेले पांढरेशुभ्र असायचे. दुसऱ्या दिवशी सगळा खर्च कागदावर मांडला तेव्हा चूक सापडली. मी साफ करणं आणि निर्जंतुक करणं ही एकच गोष्ट धरून चाललो होतो, आणि त्यामुळे पैसे नको तिथे जात होते, हवे तिथे कमी पडत होते.

साफ करणं म्हणजे मळ काढणं: केस, तेल, फेस, घाम, मेलेली कातडी. झाडू, साबण आणि पाणी हे काम करतात. निर्जंतुक करणं म्हणजे मळ गेल्यावर मागे राहिलेले जंतू आणि बुरशी मारणं, आणि त्याला उष्णता किंवा योग्य प्रमाणातलं रसायन लागतं, शिवाय ते टेकून राहायला वेळ लागतो. क्रमही ठरलेला आहे, आधी साफ आणि मग निर्जंतुक. केस आणि तेल चिकटलेला कंगवा तसाच ब्लीचच्या पाण्यात टाकला तर ब्लीचची ताकद त्या मळावरच खर्च होते, जंतूंसाठी उरत नाही. शुभ्र दिसणं हे तर या दोन्हीपेक्षा वेगळं तिसरंच प्रकरण आहे. नीळ पिवळेपणा झाकते, टॉवेल धूत नाही.

प्रत्येक वस्तूला दोन्ही करायची गरज नसते, आणि पैसे वाचतात ते इथे. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही वस्तू एका गिऱ्हाइकाच्या कातडीला लागून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कातडीला लागणार आहे का? टॉवेल, कंगवा, मशीनचं पातं, मानेभोवतीचं कापड यांचं उत्तर हो. फरशी, भिंत, बाकडं यांचं नाही.

टॉवेलपासून सुरुवात करतो, कारण गोंधळ सगळ्यात जास्त तिथेच आहे. पूर्वी आम्ही दिवसाचे टॉवेल रात्री बादलीत पावडर घालून भिजवायचो, सकाळी चोळून पिळून वाळत घालायचो. हे फक्त साफ करणं झालं. गार पाण्यात आणि पावडरीत गजकर्णाची बुरशी मरेल याचा भरवसा नाही, ती कापडात तग धरते. 60 अंश पाण्यात पूर्ण वेळ धुतलं तर मात्र ती मरते. म्हणून हीटर असलेलं फ्रंट लोडिंग मशीन घेतलं. ज्यांच्याकडे तसं मशीन नाही त्यांनी धुऊन, खळबळून झालेले पांढरे टॉवेल 10 लिटर गार पाण्यात साधारण 50 मिली कपड्यांचं ब्लीच घालून वीसेक मिनिटं बुडवावेत, पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. गरम पाण्याइतका हा उपाय पक्का नाही, पण नुसत्या पावडरीपेक्षा खूप बरा. रंगीत टॉवेल ब्लीचमध्ये विटतात, म्हणून हेअर डायसाठी आम्ही वेगळे काळे टॉवेल ठेवलेत आणि ते फक्त गरम पाण्यात धुतो.

पावसाळ्यात टॉवेलला कुबट वास आला की लोक कम्फर्ट वॉशचं सुगंधी पाणी ओततात. वास दबतो, पण वास ज्या जंतूंमुळे येतो ते तसेच राहतात, आणि तो द्रव धाग्यावर थर धरतो म्हणून टॉवेल पाणी टिपेनासा होतो. वासाचं मूळ कारण उशिरा वाळणं हे असतं. म्हणून आम्ही उन्हाळ्यात रोजच्या गरजेच्या तिप्पट टॉवेल ठेवतो, एक खेप वापरात, एक दोरीवर, एक कपाटात. जून ते सप्टेंबर पाचपट लागतात. जादाच्या त्या खेपांत पैसे अडकतात, पण अर्धवट ओला टॉवेल घडी करून ठेवण्याची वेळ येत नाही.

पावडर जास्त झाली आहे का हे ओळखायला सोपी परीक्षा आहे. वाळलेला टॉवेल स्वच्छ पाण्याच्या भांड्यात बुडवून पिळायचा. पाण्यावर फेस आला तर साबण आत राहिलाय, पावडर कमी करायची. टॉवेल खरखरीत होणं, दाढीनंतर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर खाज येणं याचं कारण बरेचदा हेच असतं. आणखी एक काम विसरायचं नाही. मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक टॉवेल दुकानाबाहेर झटकायचा. केस पंपाच्या जाळीत जाऊन बसतात आणि मेकॅनिकची एक फेरी महिन्याच्या पावडरीपेक्षा महाग पडते.

आता हिशेब. आमच्याकडे दिवसाला 30 छोटे टॉवेल लागतात, वजन साधारण अडीच किलो, म्हणजे मशीनची एक खेप. पावडर 6 रुपये, गरम पाण्याच्या खेपेची वीज आणि पाणी धरून 12 रुपये, मदतनीसाचा झटकणं, वाळत घालणं आणि घड्या घालणं यातला अर्धा तास 20 रुपये. झाले 38, म्हणजे टॉवेलमागे सव्वा रुपयाच्या आसपास. टॉवेल 40 रुपयांचा, सुमारे 100 धुण्यांनंतर पातळ होऊन फरशी पुसायच्या कामाला जातो, त्याचे 40 पैसे. मशीनची किंमत सहा वर्षांवर वाटली तर टॉवेलमागे आणखी 35 पैसे. एकूण साधारण दोन रुपये.

यूज अँड थ्रो टॉवेल आम्हाला ठोकात 4 ते 5 रुपयांना मिळतो. म्हणजे आमच्यापुरता तरी कापडाचा टॉवेल निम्म्यात पडतो. पण जो माणूस परटाकडे नगाला 4 रुपये देऊन धुऊन आणतो त्याला दोन्ही सारखेच पडतात, आणि परटाकडे पाणी किती गरम होतं ते दिसत नाही, तिथे यूज अँड थ्रो बरा. दिवसाला सात-आठच टॉवेल लागणाऱ्या एकट्या कारागिराचंही तसंच. अर्धं रिकामं मशीन रोज फिरवण्यात तोटा आहे आणि मळके ओले टॉवेल चार दिवस साठवण्यात त्याहून मोठा. आम्ही स्वतः यूज अँड थ्रो टॉवेलचं एक पाकीट ठेवतोच: कातडीवर चट्टा, पुरळ किंवा जखम दिसली की तोच काढतो.

टॉवेलमध्ये कापड जिंकलं म्हणून सगळीकडे तेच जिंकतं असं नाही. केस कापताना अंगावर घालतो ते नायलॉनचं कापड दिवसात 25 माणसांच्या मानेला लागतं, आणि दर गिऱ्हाइकाला ते धुणं कोणालाच शक्य नाही. इथे 60 पैशांची कागदी नेक स्ट्रिप उपयोगी पडते. ती मानेभोवती गुंडाळली की कापड कातडीला लागतच नाही, निर्जंतुक करायचा प्रश्नच मिटतो. गिऱ्हाइकाच्या गळ्यात केस जात नाहीत तो फायदा वेगळा. त्या चकंदळानंतर मी पहिली खरेदी केली ती याच पट्ट्यांची, कारण ते बरोबर कापडाच्या काठावर आलं होतं. ब्लेडबाबत तर हिशेबच करायचा नाही. वस्तऱ्यात दर माणसाला ब्लेडचा नवा अर्धा तुकडा, आणि वापरलेला तुकडा झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात. रक्तातून जाणारे हेपेटायटिस बी सारखे आजार इथे असतात, म्हणून ब्लेड पुसून, स्पिरिट लावून पुन्हा वापरायचं नाही.

कंगव्यांसाठी दोन बरण्या आहेत. आधी साबणाच्या पाण्यात घासून केस आणि तेल काढायचं, मग चांगलं खळबळायचं, मग दुसऱ्या बरणीत 1 लिटर पाण्यात 20 मिली ब्लीच घालून 10 मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायचं. हे पाणी रोज सकाळी नवं करायचं, कारण पातळ केलेलं ब्लीच उजेडात आणि उन्हाळ्यात लवकर उतरतं. कालचं पाणी दिसायला तसंच असतं, काम मात्र करत नाही. कात्रीला ब्लीच लावायचं नाही, गंज धरतो. ती पुसून 70 टक्के स्पिरिटने ओली करायची आणि आपोआप वाळू द्यायची. लगेच फडक्याने पुसली तर स्पिरिटला टेकायला वेळच मिळत नाही. मशीनच्या पात्याचंही तेच: आधी ब्रशने केस काढायचे, मग स्पिरिट.

निळ्या दिव्याच्या डब्याबद्दल सांगायला हवं, कारण तो पुष्कळ दुकानांत दिसतो आणि गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. अल्ट्राव्हायोलेट उजेड जिथे थेट पडतो तिथलेच जंतू मारतो. कंगव्याच्या दातांच्या मागे, कात्रीच्या फटीत, तेलाच्या थराखाली तो पोचत नाही. आम्ही तो डबा निर्जंतुक झालेल्या वस्तू धुळीपासून झाकून ठेवायला वापरतो.

आता फरशी. दिवसातून चार वेळा कोरडा झाडू, रात्री साबणाच्या पाण्याने पुसणं, एवढं तिला पुरतं. फरशी कोणाच्या मानेला लागत नाही. मी मात्र दोन वेळा फिनेल, वर रूम फ्रेशनर, असे महिन्याला 900 रुपये तिच्यावर घालत होतो. ते आता 250 वर आलेत, कोणाच्या दाढीत रक्त सांडलं तर तेवढ्या जागेपुरतं ब्लीच वापरतो, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी, आणि 10 मिनिटांनी पुसतो. हातमोजे घालून आणि पंखा चालू ठेवून. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीच येऊ द्यायचं नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. मदतनीस नवा आला की त्याला मी सर्वांत आधी हे सांगतो आणि दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत दाखवतो.

फरशीवरून वाचलेले 650 रुपये कुठे गेले तेही सांगतो. महिन्याला 26 दिवस, दिवसाला 25 गिऱ्हाइकं, म्हणजे 650 नेक स्ट्रिप, त्यांचे 390 रुपये. उरलेल्या 260 रुपयांत ब्लीच, स्पिरिट आणि हातमोजे भागतात.