पंपाचा प्रकार ओळखणे : केसिंग आणि पाणी घेणाऱ्या तोंडावरून

पंपावरची पाटी गंजून गेली किंवा रंगाखाली बुजली, तर तो सेंट्रिफ्यूगल आहे, सबमर्सिबल आहे की जेट, हे केसिंगच्या, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाच्या आकारावरून आणि पाणी आत घेणाऱ्या तोंडावरून ठरवता येते. इंपेलरवरून, म्हणजे आत फिरणाऱ्या पात्यांच्या चकतीवरून प्रकार ठरवायला गेले तर मात्र फसगत होते, कारण या तिन्हींच्या पोटात बहुधा सेंट्रिफ्यूगल जातीचाच इंपेलर फिरत असतो. खरा फरक पाणी इंपेलरच्या मध्यापर्यंत कसे पोहोचते यात आहे. मोनोब्लॉक, म्हणजे मोटार आणि पंप एकाच शाफ्टवर असलेला पंप, ते वर बसून ओढतो, सबमर्सिबल म्हणजे पाणबुडी मोटार स्वतःच पाण्यात उतरते आणि जेट पंप खालून पाणी वर ढकलून घेण्यासाठी आपलेच थोडे पाणी पुन्हा खाली पाठवतो. बोलीभाषेत ‘सेंट्रिफ्यूगल’ म्हणजे यांतला पहिला, विहिरीच्या काठावर किंवा टप्प्यावर बसवलेला मोनोब्लॉक.

मोनोब्लॉकचे केसिंग शंखासारखे असते. इंपेलर आणि केसिंगची भिंत यांमधली वाट एका ठिकाणी अगदी अरुंद असते. तिथून ती गोल फिरत रुंद होत जाते आणि डिलिव्हरीच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या तोंडाशी सर्वांत मोठी होते. इंपेलरच्या कडेने सुटलेले वेगवान पाणी या वाढत्या वाटेत संथ होते आणि वेगाचे रूपांतर दाबात होते. बाहेरून केसिंगच्या कडेने हात फिरवला की ही वाढती जाडी बोटांना कळते. सक्शनचे तोंड मोटारीच्या विरुद्ध बाजूला, शाफ्टच्या बरोबर समोर मध्यभागी असते आणि डिलिव्हरी वर निघते. शेतीच्या पंपांत सक्शन बहुधा डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठे असते. ६५ × ५० असे लिहिलेले असेल तर पहिला आकडा सक्शनचा, दुसरा डिलिव्हरीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ओढण्याच्या बाजूला पाण्याचा वेग कमी राहावा आणि पाइपातल्या घर्षणात सक्शनची ताकद वाया जाऊ नये, म्हणून ही तजवीज असते. काही पंपांत मात्र दोन्ही तोंडे सारखी असतात, त्यामुळे नुसत्या मापावर निर्णय देऊ नये.

खात्रीची परीक्षा बॅटरीच्या उजेडाची आहे. वीज तोडून सक्शनचा पाइप काढायचा आणि तोंडातून सरळ आत प्रकाश टाकायचा. समोरच इंपेलरचे मधले भोक, त्यात शाफ्टच्या टोकाचे नट आणि भोवती वळत गेलेल्या पात्यांच्या कडा दिसल्या, तर तो साधा सेंट्रिफ्यूगल पंप. अशा पंपाच्या केसिंगवर पाणी भरण्यासाठी फनेल किंवा प्लग असतो आणि सक्शनच्या पाइपाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह, ज्याला गावाकडे ‘फुटबॉल’ म्हणतात. फूट व्हॉल्व्ह गळत असेल तर पाइपातले पाणी उतरते आणि पंप हवा धरतो.

ओढण्याची मर्यादा हवेच्या दाबाने ठरते. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मीटर पाणी तोलतो. गळती, घर्षण आणि इंपेलरची गरज वजा जाता प्रत्यक्षात ६ ते ७ मीटरच हाती लागतात. उंचीवर हे आणखी घटते. महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी मूळ आकड्यातूनच जवळजवळ दीड मीटर जातो.

घराच्या टाकीवरचा छोटा सेल्फ प्रायमिंग पंप अनेकदा यातच गणला जातो, पण त्याचे केसिंग वेगळे असते. ते चपटे आणि सगळीकडून सारखे गोल असते, त्याला शंखासारखी वाढ नसते. त्याची दोन्ही तोंडे सारख्या मापाची, बहुधा २५ मिलिमीटरची आणि एकमेकांच्या जवळ असतात. आत प्रकाश टाकला तर इंपेलरचा मध्य दिसत नाही, कारण पाणी मध्यातून येतच नाही. ते कडेच्या अरुंद खाचेत शिरते आणि चकतीच्या काठावरच्या दातांबरोबर जवळजवळ पूर्ण फेरी मारून शेजारच्याच तोंडातून बाहेर पडते. चकती आणि केसिंग यांत फट फारच कमी असते. त्यामुळे वाळूमिश्रित पाण्यावर हा पंप लवकर झिजतो आणि फट वाढली की दाब उतरतो.

जेट पंप ओळखण्यात सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून त्याचे एक उदाहरण तपशिलाने पाहू. जुन्या वाड्यातल्या बोअरवर पाटी नसलेला पंप आहे. केसिंगच्या पुढच्या तोंडावर आट्यांची दोन भोके आहेत, एक मोठे आणि एक लहान. वर तिसरे भोक आहे आणि त्याच्या जवळ फिरवण्याचा एक व्हॉल्व्ह. पट्टी लावली तर मोठे भोक ३९ मिलिमीटर, लहान ३० आणि वरचेही ३० भरते. हे आकडे बाजारातल्या कुठल्याच मापाशी जुळत नाहीत, कारण पाइपाचे नाव आतल्या पोकळीवरून पडलेले असते आणि आटे बाहेरच्या अंगावर पाडलेले असतात. एक इंची, म्हणजे २५ मिलिमीटर पाइपाच्या आट्याचे भोक आतून सुमारे ३० मिलिमीटर भरते आणि सव्वा इंची, म्हणजे ३२ मिलिमीटर पाइपाचे सुमारे ३९. म्हणजे पंप ३२ × २५ × २५ असा झाला : सक्शन ३२, प्रेशर २५, डिलिव्हरी २५. पुढच्या बाजूला असमान मापाची दोन भोके ही दुहेरी पाइपाच्या जेट पंपाची सर्वांत ठळक खूण आहे.

लहान भोकातून पाणी आत येत नाही, बाहेर जाते. इंपेलरने दाबलेल्या पाण्यातला काही भाग या पाइपाने बोअरमध्ये उतरतो आणि तळाच्या जेटमधल्या बारीक नोझलमधून वेगाने सुटतो. त्या धारेभोवती दाब घटतो, फूट व्हॉल्व्हमधून बोअरचे पाणी आत ओढले जाते आणि दोन्ही पाणी एकत्र होऊन पुढे रुंद होत गेलेल्या नळीत शिरते. तिथे वेग कमी होऊन दाब वाढतो आणि पाणी इतके वर चढते की उरलेली उंची वरचा पंप ओढू शकतो. सात मीटरची मर्यादा मोडलेली नसते, फक्त तिच्या खालचे काम जेटने उचललेले असते. वरचा व्हॉल्व्ह डिलिव्हरी आवळून धरतो, म्हणजे खाली पाठवायला पुरेसा दाब राहतो. तो पूर्ण उघडून ठेवला तर पाणी क्षणभर जोरात येते आणि तुटते. पाणी जितके खोल, तितका जास्त वाटा परत खाली पाठवावा लागतो. म्हणून जेट पंप दिसायला एक अश्वशक्तीचा असला तरी टाकी भरायला वेळ घेतो.

याच वाड्यात पाइप बदलताना दोन पाइपांची अदलाबदल झाली, तर पंप नोझलच्या बाजूने ओढू लागतो आणि दाबाचे पाणी उलट दिशेने जेटमध्ये घुसते. फूट व्हॉल्व्ह उघडतच नाही. आत भरलेले पाणी तेवढे घुसळत राहते, केसिंग तापते आणि वर थेंब येत नाही. मोटार बिघडली असे वाटून ती रिवाइंडिंगला जाते, दोष मात्र जोडणीत असतो. पाइप योग्य असूनही पाणी हळूहळू कमी होत गेले, तर नोझलमध्ये खडा किंवा गंजाची खपली अडकलेली असते. लहान भोकाला प्लग मारून, एकाच पाइपावर जमिनीखालच्या टाकीला जोडलेला जेट पंपही पाहायला मिळतो. तो चालतो, पण तेव्हा तो साध्या सेंट्रिफ्यूगलसारखाच वागतो आणि त्याच्याकडून बोअरची अपेक्षा धरता येत नाही.

उथळ पाण्याच्या जेट पंपाला पुढे एकच भोक असते, म्हणून तो मोनोब्लॉक समजला जातो. इथे केसिंगच्या लांबीकडे पाहावे. नोझल आणि नळी केसिंगच्याच पोटात असल्याने त्याचे नाक पुढे बरेच लांब आलेले असते, शंखाची वाढ बाहेरून दिसत नाही आणि बॅटरीच्या उजेडात इंपेलरचा मध्य नजरेस पडत नाही. दुसरी गल्लत कॉम्प्रेसर पंपाशी होते, कारण बोअरमध्ये त्याचेही दोन पाइप उतरतात. तिथे एका पाइपातून हवा जाते आणि वरच्या यंत्राला शंख नसून पट्ट्यावर चालणारा, अंगावर धातूच्या पातळ कडा असलेला सिलिंडर असतो. त्याच्या नळातून पाणी हवेसकट धक्क्याधक्क्याने येते.

बोअरची पाणबुडी मोटार लांब दंडगोल असते. तिला शंख नसतो, सक्शनला पाइप नसतो आणि फूट व्हॉल्व्हही नसतो. पाणी घेणारे तोंड म्हणजे मध्यावर गोलाकार बसवलेली जाळी. जाळीच्या खाली मोटार, वर एकावर एक रचलेले पंपाचे टप्पे आणि टोकाला डिलिव्हरीचे आटे. केबल जाळीपासून वरच्या टोकापर्यंत पत्र्याच्या पट्टीखालून जाते. टप्प्यांचा भाग सरळ नळीसारखा असेल तर आतले इंपेलर बहुधा रेडियल, म्हणजे पाणी कमी पण उंची जास्त. बाहेरून फुगीर वाट्यांची रांग दिसत असेल तर मिक्स्ड फ्लो, म्हणजे त्याच ताकदीत उंची कमी आणि पाणी जास्त. जाळी मोटारीच्या वर असण्याला कारण आहे : पाणी मोटारीच्या अंगावरून सरकत वर यावे आणि तिला थंड ठेवावे. हाच पंप रुंद विहिरीत किंवा टाकीत नुसता सोडला तर पाणी चहूबाजूंनी थेट जाळीत शिरते, मोटारीला स्पर्श न करता. म्हणून तिथे मोटारीभोवती नळीचे आवरण घालतात. बोअरच्या तळाच्या गाळात टेकवलेली मोटारही याच कारणाने जळते.

ओपनवेल सबमर्सिबल खरा चकवा देतो. आडवा, पायांवर बसलेला, एका टोकाला नेहमीचा शंख, त्यामुळे पहिल्या नजरेत तो मोनोब्लॉकच वाटतो. फरक दोन ठिकाणी पाहावा. त्याच्या सक्शनच्या तोंडाला पाइप जोडायची फ्लँज किंवा आटे सहसा नसतात, त्या जागी थेट जाळी असते. आणि मोटारीच्या मागे पंख्याचे झाकण किंवा हवेच्या फटी नसतात, अंग बंदिस्त असते आणि केबल रबरी ग्लँडमधून बाहेर येते. पाणी भरलेल्या वाइंडिंगच्या मोटारीवर पाणी भरायचा प्लगही असतो. हा पंप काठावर ठेवून चालवून पाहू नये, कारण त्याला थंड करणारे पाणी बाहेरचेच असते आणि सीलही कोरडे फिरते. उलट, पंख्याचे झाकण असलेला मोनोब्लॉक पावसाळ्यात विहिरीचे पाणी टप्प्याला लागण्याआधी वर काढावा लागतो. तो एकदा बुडाला की वाइंडिंग वाळवल्याशिवाय वीज देता येत नाही.

पाटीचा कोपरा जरी वाचता आला तरी मानकाच्या क्रमांकावरून निर्णय पडताळता येतो : आयएस ९०७९ मोनोब्लॉकसाठी, ८४७२ सेल्फ प्रायमिंगसाठी, १२२२५ जेटसाठी, ८०३४ बोअरच्या सबमर्सिबलसाठी आणि १४२२० ओपनवेल सबमर्सिबलसाठी. दुरुस्तीत एका पंपाची मोटार दुसऱ्याच्या केसिंगला जोडलेली असू शकते. पाटी बहुधा मोटारीवर असते, म्हणून ती आणि केसिंग यांचे जमत नसेल तर केसिंगवर विश्वास ठेवावा.