‘असामान्य’ म्हटला गेलेला नेहमीचा प्रकार: झीमान विभाजन आणि लांडे गुणक

१८९६ साली लायडनमध्ये झीमान यांना सोडियमच्या ज्योतीभोवती चुंबकीय क्षेत्र लावल्यावर तिच्या वर्णपटातील पिवळ्या रेषा रुंदावलेल्या दिसल्या. चुंबकीय क्षेत्रात रेषा अशी फुटते, त्यालाच झीमान विभाजन म्हणतात. अभिजात सिद्धांतानुसार एका रेषेच्या तीन व्हायला हव्यात: एक जागच्या जागी आणि दोन तिच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर. काही रेषा तशा वागल्याही. पण पुढच्याच वर्षी काही रेषांचे चार तुकडे झालेले आढळले. तीन तुकड्यांना ‘सामान्य’ आणि बाकी सगळ्याला ‘असामान्य’ म्हणायची पद्धत तेव्हा रूढ झाली, ती आजही पाठ्यपुस्तकांत टिकून आहे.

हे नामकरण उलटे आहे. रेषा ज्या दोन ऊर्जा-पातळ्यांमधील संक्रमणातून येते, त्या दोन्हींचे एकूण स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा अंगभूत कोनीय संवेग, शून्य असते, तेव्हा तीन रेषा हमखास मिळतात. बहुतेक अणूंमध्ये तसे नसते, म्हणजे अपवादालाच नियमाचे नाव मिळाले. विद्यार्थी इथे अडखळतात ते गणितामुळे नव्हे, या शब्दामुळे, असे माझे ठाम मत आहे.

१९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, स्पिनची कल्पना मांडली जाण्याआधीच, मोजलेल्या अंतरांवरून लांडे गुणकाचे, म्हणजे पातळीचे तुकडे किती दूर जातात हे ठरवणाऱ्या g चे, सूत्र बसवले गेले. आजच्या लिखाणात L हा कक्षीय, S हा स्पिनचा आणि J हा एकूण कोनीय संवेगाचा क्वांटम अंक; सूत्र असे:

g = 1 + [J(J+1) + S(S+1) − L(L+1)] / [2J(J+1)]

त्याचा अर्थ १९२५ मध्ये स्पिन आल्यावर उलगडला. स्पिनमुळे मिळणारे चुंबकीय परिबल त्याच्या कोनीय संवेगाच्या मानाने कक्षीय गतीच्या दुप्पट असते. म्हणून एकूण परिबल एकूण कोनीय संवेगाच्या, म्हणजे J च्या, रेषेत राहत नाही. ते J भोवती फिरत राहते आणि सरासरीत J च्या दिशेचा भाग तेवढा उरतो. तो भाग किती, हे g सांगतो.

सोडियमची ५८९.६ नॅनोमीटरची रेषा घेऊ. तिच्या खालच्या पातळीचा g २ आहे, वरच्या पातळीचा २/३. दोन्हींचा J १/२ असल्याने प्रत्येकीचे दोनच तुकडे होतात: खालचे ±१ वर, वरचे ±१/३ वर. संक्रमणे चार, आणि त्यांची स्थाने ±२/३ व ±४/३, सामान्य विभाजनाच्या एककात. मधली जागा रिकामी राहते. दोन्ही पातळ्यांचे g समान असते, तर ती भरली असती.

हे सारे क्षेत्र ‘दुर्बल’ असेपर्यंतच खरे, आणि हे दुर्बलपण अणूवर ठरते. १ टेस्ला क्षेत्रात सामान्य विभाजन, तरंगसंख्येत मोजले तर, सुमारे ०.४७ प्रति सेंटिमीटर असते. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या वरच्या पातळ्यांमधील अंतर सुमारे १७ प्रति सेंटिमीटर, त्यामुळे तिथे सूत्र चालते. हायड्रोजनमध्ये तसेच अंतर जेमतेम ०.३७ आहे. तेच क्षेत्र तिथे प्रबळ ठरते, L आणि S यांची J मधली सांगड सुटते, रेषांची अंतरे g प्रमाणे येत नाहीत आणि क्षेत्र आणखी वाढवत नेले की रेषा पुन्हा तीनच्या मांडणीकडे सरकू लागतात.