किती फासे टाकायचे तेच ठरलेलं नाही, मग बेरजेची सरासरी कशी काढायची?

एक फासा टाका. जो आकडा येईल तेवढे फासे परत टाका आणि त्यांच्यावरच्या आकड्यांची बेरीज करा, पहिला फासा बेरजेत धरायचा नाही, त्याने फक्त किती टाकायचे ते सांगितलं. आता ही बेरीज सरासरी किती येईल?

बहुतेक जण पटकन म्हणतात, फासे सरासरी ३.५, प्रत्येकावर सरासरी ३.५, गुणाकार केला की १२.२५. उत्तर बरोबर आहे, पण साडेतीन फासे कोणी टाकत नाही, त्यामुळे हा गुणाकार चालतो का हे बघायला हवं, कारण नियम जरासा बदलला की हाच गुणाकार चुकीचं उत्तर देतो.

इथे टॉवर प्रॉपर्टी कामाला येते, म्हणजे सरासरी दोन पायऱ्यांत काढायची. फाशांची संख्या N आणि बेरीज S म्हणू. एकदम S ची सरासरी काढायला जायचं नाही, आधी समजा N कळला असं धरायचं. N = ४ असेल तर बेरजेची सरासरी ४ × ३.५ = १४, N = १ असेल तर ३.५, म्हणजे कुठल्याही N साठी ती ३.५ × N. ह्यालाच E[S | N] लिहितात, E म्हणजे सरासरी आणि उभ्या रेघेपुढचा N म्हणजे कळलेला, आणि लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे हा एक ठरलेला आकडा नाहीये, N बदलला की हाही बदलतो, तो स्वतःच रँडम आहे. मग दुसऱ्या पायरीत ह्याचीच सरासरी घ्यायची:

E[S] = E[ E[S | N] ] = E[ N · E[X] ] = E[N] · E[X]

X म्हणजे एका फाशावरचा आकडा. पडताळून बघायचं तर ३.५, ७, १०.५, १४, १७.५, २१ ह्या सहा सरासऱ्यांची बेरीज ७३.५, भागिले ६, आले १२.२५. बास.

पण मधे एक गोष्ट आपण गृहीत धरली. N कळला तरी फाशांची सरासरी ३.५ च राहते, म्हणजे किती टाकायचे ह्याचा आणि काय पडतं ह्याचा काही संबंध नाही. आता हे मुद्दाम मोडून बघू. एकच फासा परत परत टाकत राहायचं आणि ६ पडला की थांबायचं, तो ६ सुद्धा बेरजेत धरायचा. इथे N आणि आकडे एकमेकांत गुंतलेत. N = १० कळलं की आधीचे नऊ आकडे १ ते ५ मधलेच असणार, त्यांची सरासरी ३, आणि शेवटचा हमखास ६. म्हणून E[S | N] = 3(N − 1) + 6, ३.५ × N नाही. टॉवर प्रॉपर्टीला मात्र ह्याने काही फरक पडत नाही, आतली सरासरी बरोबर लिहिली की झालं. ६ पडेपर्यंत सरासरी ६ वेळा टाकावं लागतं, म्हणून E[S] = ३ × ५ + ६ = २१. आणि गंमत बघा, ६ × ३.५ पण २१ च!

हा योगायोग नाही, अब्राहम वाल्डने १९४० च्या दशकात दाखवलेला हा नियम आहे. दहाव्यांदा फासा टाकायचा की नाही हे पहिल्या नऊ आकड्यांवरून ठरतं, दहावा आकडा अजून पडलेलाच नसतो, त्यामुळे तो टाकला गेलाच तर त्याची सरासरी ३.५ च असते. असं प्रत्येक वेळचं ३.५ धरलं की एकूण सरासरी E[N] गुणिले ३.५ होते.

आता फक्त एवढंच बदला की शेवटचा ६ बेरजेत धरायचा नाही. मोजलेले आकडे सरासरी ५, गुणाकार सांगतो ५ × ३.५ = १७.५. खरं उत्तर १५, कारण मोजलेला प्रत्येक आकडा १ ते ५ मधला आणि त्यांची सरासरी ३. चूक कुठे झाली? आता दहावा आकडा धरायचा की नाही हे तो पडल्यावर, त्याच्याकडे बघूनच ठरतंय. त्यामुळे असा प्रश्न समोर आला की आधी हेच विचारायचं, हा आकडा बेरजेत घ्यायचा हे तो दिसायच्या आधी ठरतं की नंतर? नंतर ठरत असेल तर सरळ गुणाकार करायचा नाही, E[S | N] नीट लिहून टॉवरनेच जायचं.

आणि E[N] अनंत नसावा, ही अट पण विसरू नका. नाणं उडवा, छापा आला तर +१, काटा आला तर −१, आणि एकूण +१ झालं की थांबा. इथे पुढचा टप्पा खेळायचा की नाही हे आधीच्याच निकालांवरून ठरतं, म्हणजे वरची अट व्यवस्थित पाळली जाते, आणि कधी ना कधी +१ नक्की होतंच, त्यामुळे S ची सरासरी १. पण एका टप्प्याची सरासरी शून्य आहे, मग शून्याला कुठल्याही साध्या आकड्याने गुणून १ कसा येणार? तो येत नाही, कारण इथे थांबायला लागणाऱ्या टप्प्यांची सरासरी अनंत आहे.