घरभाड्याच्या उत्पन्नावरील आयकर

भाड्याने दिलेल्या घरापासून किंवा इमारतीपासून मालकाला होणाऱ्या उत्पन्नावरील भारतातील आयकर आकारणी. आयकर अधिनियम, १९६१ मध्ये 'घर-मालमत्तेपासूनचे उत्पन्न' या स्वतंत्र शीर्षाखाली (कलमे २२ ते २७) तिचे नियम होते. त्या अधिनियमाची जागा घेणारा आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी आकारणीची चौकट बहुतांशी तीच आहे. पुढील क्रमांक १९६१ च्या अधिनियमातील आहेत.

हा कर भाड्याच्या रकमेवर नसून मालमत्तेच्या 'वार्षिक मूल्या'वर आहे. इमारत वर्षभर भाड्याने दिल्यास जी रक्कम वाजवीपणे मिळू शकेल, ते वार्षिक मूल्य. प्रत्यक्ष भाडे त्याहून अधिक असेल, तर ते भाडे. ही कल्पना १९२२ च्या आयकर अधिनियमाच्या कलम ९ मध्ये स्पष्टपणे आढळते. तिचा उगम बहुधा ब्रिटिश करपद्धतीतील 'अनुसूची अ' मध्ये असावा. हातात न आलेल्या रकमेला उत्पन्न म्हणता येते काय आणि जमीन व इमारतींवरील कर हा राज्यांचा विषय असताना केंद्राला असा कर बसवता येतो काय, असे आक्षेप घेतले गेले. भगवानदास जैन प्रकरणात (१९८१) सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. उत्पन्न म्हणजे केवळ हाती आलेला पैसा नव्हे, हे त्या निर्णयाचे सूत्र आहे.

'वाजवी भाडे' कसे ठरवायचे, हा प्रश्न मात्र पूर्णपणे मिटलेला नाही. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या इमारतीचे वाजवी भाडे त्या कायद्याने ठरणाऱ्या कमाल, म्हणजे प्रमाण भाड्यापेक्षा अधिक धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शीला कौशिश प्रकरणात (१९८१) म्हटले. इतर इमारतींसाठी महापालिकेने अपेक्षित भाड्यावरून ठरवलेले करयोग्य मूल्य हा सुरक्षित मापदंड आहे, असा मुंबई उच्च न्यायालयाचा कल टिप टॉप टायपोग्राफी प्रकरणात (२०१४) दिसतो. भाडे संशयास्पदरीत्या कमी असेल, तर चौकशीचा अधिकार कर अधिकाऱ्याला राहतो. हे मत अधिक व्यवहार्य वाटते. तथापि मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर अपेक्षित भाड्याऐवजी इमारतीच्या भांडवली मूल्यावर बसतो, त्यामुळे तेथे हा मापदंड वापरणे पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. साध्या, करारबद्ध भाड्याच्या घराबाबत सहसा मिळणारे भाडे हेच मूल्य धरले जाते.

या मूल्यातून तीन गोष्टी वजा होतात आणि तिघींचा कालनियम वेगळा आहे. विवरणपत्रातील बहुतेक चुका येथेच होतात.

पहिली, स्थानिक संस्थेचा कर म्हणजे घरपट्टी. ती मालकाने स्वतः आणि त्याच वर्षात प्रत्यक्ष भरलेली असावी लागते. देणे कोणत्या वर्षाचे आहे, याला महत्त्व नाही. मागील दोन वर्षांची थकबाकी यंदा भरल्यास ती सगळी यंदाच वजा होते. उलट यंदाचे बिल आले, पण ३१ मार्चपर्यंत भरले नाही, तर यंदा काहीच मिळत नाही. करारानुसार भाडेकरूने घरपट्टी भरली असेल, तर मालकाला वजावट नाही. गृहनिर्माण संस्थेचे देखभाल शुल्क ही घरपट्टी नव्हे. ते भाड्यातूनच वगळता येते काय, याविषयी अपील न्यायाधिकरणांचे व न्यायालयांचे निर्णय परस्परविरोधी आहेत.

दुसरी, प्रमाणित वजावट. घरपट्टी वजा जाता उरलेल्या निव्वळ वार्षिक मूल्याच्या ३० टक्के. हिचा प्रत्यक्ष खर्चाशी संबंध नाही. रंगकाम, दुरुस्ती, विमा, दलाली, भाडेवसुली या सर्वांच्या बदल्यात ती मिळते. खर्च शून्य असला तरी पूर्ण, आणि छप्पर नव्याने घालावे लागले तरी तेवढीच. १९२२ च्या अधिनियमात दुरुस्तीपोटी एक षष्ठांश रक्कम मिळे, शिवाय विमाहप्ता, वसुलीखर्च इत्यादींच्या वेगळ्या वजावटी होत्या. दुरुस्ती व वसुलीसाठीचे प्रमाण पुढे एक चतुर्थांशापर्यंत वाढले. २००१ च्या वित्त अधिनियमाने या किरकोळ वजावटी मोडीत काढून सरसकट ३० टक्के ठरवले.

तिसरी, घर घेण्यासाठी, बांधण्यासाठी वा दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जावरील व्याज. येथे नियम घरपट्टीच्या उलट आहे : व्याज त्या वर्षासाठी देय झाले, एवढे पुरे, ते भरलेलेच असावे अशी अट नाही. मुद्दलाची परतफेड या शीर्षाखाली वजा होत नाही. स्वतः राहत्या घराला लागू असलेली दोन लाखांची मर्यादाही भाड्याच्या घराच्या व्याजाला नाही. थकलेल्या व्याजावर चढलेले व्याज मात्र शिवकिसन भट्टर प्रकरणातील (१९७३) निर्णयानुसार वजा करता येत नाही.

ताबा मिळण्यापूर्वीच्या व्याजाची गणना वारंवार चुकते. कर्ज घेतल्यापासून बांधकाम पूर्ण झालेल्या आर्थिक वर्षाच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचे व्याज एकत्र करून, पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान हप्त्यांत वजा होते. बांधकाम नोव्हेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाले असेल, तर हा काळ ३१ मार्च २०२२ ला संपतो. एप्रिल ते नोव्हेंबर २०२२ चे व्याज चालू वर्षाच्या व्याजातच येते, हप्त्यांत नाही.

उदाहरणार्थ, दरमहा २५,००० रुपये भाड्याने वर्षभर दिलेली सदनिका. वाजवी भाडे यापेक्षा अधिक नाही, असे धरल्यास वार्षिक मूल्य ३,००,००० रुपये. मालकाने २०,००० रुपये घरपट्टी भरली, की उरतात २,८०,०००. त्याचे ३० टक्के ८४,००० वजा जाता १,९६,०००. कर्जाचे व्याज २,४०,००० असेल, तर ४४,००० रुपयांचा तोटा येतो. ३० टक्के पूर्ण भाड्यावर काढल्यास वजावट ९०,००० होते, म्हणजे ६,००० रुपये जादा. ही चूक ताळा केला की लगेच दिसते. याच मालकाने आधीच्या वर्षांची ४०,००० रुपयांची थकबाकीही भरली असती, तर तोटा ७२,००० झाला असता. ४०,००० भरूनही तोटा २८,००० नेच वाढतो, कारण निव्वळ मूल्य घटले की प्रमाणित वजावटही १२,००० ने घटते.

हा तोटा कोठे वळता करता येतो, हे करप्रणालीवर अवलंबून आहे. जुन्या प्रणालीत तो त्याच वर्षीच्या पगारासारख्या इतर उत्पन्नातून वजा होतो. २०१७ च्या वित्त अधिनियमाने त्यावर वर्षाला दोन लाखांची मर्यादा घातली. वरची रक्कम पुढील आठ वर्षे ओढता येते, पण फक्त घर-मालमत्तेच्या उत्पन्नापुरती. नव्या प्रणालीत (कलम ११५ बीएसी) भाड्याच्या घराच्या तिन्ही वजावटी कायम आहेत, मात्र तोटा अन्य शीर्षातील उत्पन्नातून वजा होत नाही. वरील उदाहरणातील ४४,००० रुपयांचा पगारदार मालकाला त्या वर्षी काही उपयोग नाही. पुढे भाडे वाढून किंवा व्याज कमी होऊन त्याच शीर्षाखाली उत्पन्न शिल्लक राहू लागल्यावरच तो त्यातून वजा होतो.