रुग्णसंख्येचं प्वासाँ रिग्रेशन आणि 1.8 चा प्रश्न : पार्श्वभूमी

रुग्णालयात रोज किती जण आले याची नोंद हातात आली की बहुतेक जण पहिल्यांदा प्वासाँ रिग्रेशनच चालवतात. लॉग लिंक, ऑफसेट, गुणकाचा घातांक घेऊन टक्केवारी काढणं हे सगळं वाचकांना ठाऊक असेलच. गाडी अडते ती पुढे, सरासरी आणि व्हेरियन्स सारखे असावेत या अटीपाशी.

ही अट मॉडेलच्या जन्मापासूनची आहे, आणि ती पाळली जावी म्हणून आकड्यांची निवड करण्याची सवयही जवळपास तितकीच जुनी. 1898 मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या घोड्याच्या लाथेने झालेल्या मृत्यूंचा तक्ता छापला गेला. तो 14 कोरचा, म्हणजे मोठ्या सैन्यदलांचा, आणि 20 वर्षांचा होता, म्हणजे 280 नोंदींचा. पाठ्यपुस्तकांत मात्र 200 नोंदीच दिसतात, कारण चार कोरची रचना इतरांहून वेगळी म्हणून त्या वगळल्या गेल्या. उरलेल्या दहा कोरमध्ये सरासरी 0.61 आणि व्हेरियन्सही 0.61 येतो. सगळ्या 14 घेतल्या तर सरासरी 0.70 आणि व्हेरियन्स 0.76. फरक मोठा नाही, वगळण्याचं कारणही पटण्यासारखं आहे. तरी प्वासाँचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण चाळून घेतलेलं आहे, हे शिकवताना क्वचितच सांगितलं जातं.

1920 मध्ये उलट चित्र समोर आलं. पहिल्या महायुद्धात तोफगोळे बनवणाऱ्या 647 कामगार बायकांच्या पाच आठवड्यांतल्या अपघातांची सरासरी 0.47 होती आणि व्हेरियन्स 0.69. कुणाला अपघाताचा धोका जास्त, कुणाला कमी, असं मानून तिथे निगेटिव्ह बायनॉमियल बसवला गेला आणि तो छान बसला. पण एका अपघातामुळे पुढच्याची शक्यता वाढते असं मानलं तरी हेच वितरण निघू शकतं. म्हणजे वितरण जुळलं यावरून कारण सिद्ध होत नाही. रुग्णालयाच्या आकड्यांतही हाच घोळ होतो.

आजची पद्धत मुख्यतः 1970 च्या दशकात घडली. 1972 मध्ये इंग्लंडमधल्या एका शेती संशोधन केंद्रातल्या दोघांनी प्वासाँ, बायनॉमियल आणि नॉर्मल मॉडेलं एकाच चौकटीत आणली. 1974 मध्ये त्यांच्यातल्या धाकट्याने एकट्याने दाखवलं की पूर्ण वितरण गृहीत धरायची गरज नाही. सरासरी आणि व्हेरियन्स यांचं नातं सांगितलं तरी काम भागतं. पुढच्याच वर्षी, अवघ्या 28 व्या वर्षी तो वारला. आज क्वासी-प्वासाँ म्हणून जे वापरलं जातं, त्याचा पाया हाच. मग 1984 मध्ये अर्थमितीकारांनी आणखी एक गोष्ट पक्की केली. सरासरीचं सूत्र बरोबर असेल, तर व्हेरियन्स चुकला तरी नमुना वाढत जाईल तसे प्वासाँचे गुणक खऱ्या किमतींकडे जातात. चुकते ती स्टँडर्ड एरर.

इथून पुढे क्वासी-प्वासाँ घ्यायचा की निगेटिव्ह बायनॉमियल हा वाद सुरू होतो आणि माझ्या मते तो अजून मिटलेला नाही. एक मांडलेलं उदाहरण घेऊ. समजा एका आपत्कालीन विभागात 365 दिवसांत रोज सरासरी 100 रुग्ण आले आणि व्हेरियन्स आला 400. चौपट! पण एवढ्यावरून ओव्हरडिस्पर्शन म्हणायची घाई करू नये. अट आहे ती मॉडेलने त्या-त्या दिवसासाठी सांगितलेल्या सरासरीभोवतीच्या व्हेरियन्सची. सोमवारची गर्दी आणि पावसाळ्यातला ताप यांमुळेही सगळ्या आकड्यांचा मिळून व्हेरियन्स फुगतो. म्हणून आधी वार, ऋतू आणि सणाचे दिवस मॉडेलमध्ये घालायचे आणि मगच मोजायचं :

```r
m <- glm(n ~ factor(dow) + holiday +
           sin(2*pi*d/365) + cos(2*pi*d/365),
         family = poisson)
sum(residuals(m, type = "pearson")^2) / df.residual(m)
```

दहा गुणक गेले, 355 स्वातंत्र्यमात्रा उरल्या. पिअर्सन बेरीज 639 आली, म्हणजे गुणोत्तर 1.8. चौपटीतला बराच भाग कॅलेंडरने खाल्ला, पण उरलेला योगायोगाचा नाही. प्वासाँ खरा असता तर ही बेरीज 355 च्या आसपास, साधारण 27 च्या प्रमाण विचलनाने हलली असती. एवढ्या दिवसांच्या नोंदींत 1.2 सुद्धा चाचणीत ‘लक्षणीय’ ठरतं, म्हणून नुसत्या पी-व्हॅल्यूपेक्षा गुणोत्तर किती मोठं आहे ते पाहावं.

त्याचा परिणाम असा. सणाच्या दहा दिवसांचा गुणक −0.07 आहे, म्हणजे सुमारे 7 टक्के कमी रुग्ण. प्वासाँची स्टँडर्ड एरर 0.033, भागाकार 2.1, अहवालात ‘सणाला गर्दी घटते’ असं बिनदिक्कत लिहिलं जाईल. 1.8 चं वर्गमूळ 1.34. त्याने गुणल्यावर स्टँडर्ड एरर 0.044 होते आणि भागाकार 1.6 वर येतो. आता ते वाक्य लिहिता येत नाही.

क्वासी-प्वासाँ इथेच थांबतो : गुणक तेच, फक्त स्टँडर्ड एरर वाढलेल्या. निगेटिव्ह बायनॉमियल गुणकही हलवतो, आणि ‘प्वासाँ बसला नाही तर निगेटिव्ह बायनॉमियल’ असं सरसकट सांगणाऱ्यांच्या लक्षात हेच येत नाही. सरासरी 100 असताना दोघांचाही व्हेरियन्स 180 येईल असे आकडे धरू. ज्या दिवशी 160 रुग्ण अपेक्षित आहेत, त्या दिवशी क्वासी-प्वासाँ 288 व्हेरियन्स मानतो, तर निगेटिव्ह बायनॉमियल 365. साहजिकच दुसरा त्या दिवसावर कमी भरवसा ठेवतो. 160 च्या दिवसाचं वजन 60 च्या दिवसाच्या तुलनेत क्वासीत 2.7 पट असतं, निगेटिव्ह बायनॉमियलमध्ये 1.7 पटच. खाटा आणि नर्सेसचं नियोजन ज्या गर्दीच्या दिवसांसाठी करायचं, त्यांचंच म्हणणं कमी ऐकलं जातं. नियोजनासाठी मी क्वासीच्या बाजूचा आहे. मात्र उद्या 150 च्या वर रुग्ण येण्याची शक्यता किती, हे विचारायचं असेल तर पूर्ण वितरण लागतं, आणि ते क्वासीकडे नाही.

दोन्हींतला कुठला आकड्यांना धरून आहे हे AIC सांगू शकत नाही, कारण क्वासीला लाइकलिहूडच नसते. 2007 च्या सुमारास सुचवला गेलेला उपाय साधा आहे. दिवसांचे अपेक्षित संख्येनुसार गट पाडायचे आणि प्रत्येक गटातल्या फरकांच्या वर्गांची सरासरी अपेक्षित संख्येसमोर मांडायची. ठिपके सरळ रेषेत चढले तर क्वासी, वर वळले तर निगेटिव्ह बायनॉमियल. शेवटच्या गटात जेमतेम पाच-सात दिवस असतील तर चित्रावर फार विसंबू नये. एखाद्या बस अपघाताच्या दिवशी 100 ऐवजी 160 आले, तर 639 मधले 36 त्या एकट्या दिवसाचे असतात.

यातलं काहीही तापाच्या साथीला पुरत नाही. साथीत आज जास्त रुग्ण आले तर उद्याही जास्त येतात, आणि 1.8 हा आकडा दिवसांचा क्रम पाहतच नाही. तारखा उलटसुलट केल्या तरी तीच रेसिड्यूअल्स तोच आकडा देतील. त्यासाठी रेसिड्यूअल्सचा आदल्या दिवसाशी असलेला सहसंबंध वेगळा काढावा लागतो. तो ठळक निघाला तर 0.044 ही स्टँडर्ड एररही भरवशाची राहत नाही, आणि सलग येणाऱ्या सणांच्या बाबतीत, उदाहरणार्थ दिवाळीच्या चार-पाच दिवसांत, ती बहुधा कमीच पडते.