तीन प्रती, दोन माध्यमं, एक घराबाहेर: क्लाउड आल्यावर या नियमाचं काय झालं?

फिल्मच्या काळात घरच्या फोटोंची दुसरी प्रत आपोआप तयार व्हायची. प्रिंट अल्बममध्ये लागायची आणि निगेटिव्ह पाकिटात राहायची. डिजिटल कॅमेरा आला आणि ही सोय गेली. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांचं डिजिटल फोटोंच्या व्यवस्थापनावरचं पुस्तक २००५ साली आलं. फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यातली एक घराबाहेर, हा तीन-दोन-एकचा नियम आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्यातल्या 'दोन माध्यमं' या अटीमागचं कारण आता बरेचजण विसरले आहेत. तेव्हा एक माध्यम हार्ड डिस्क असायचं आणि दुसरं डीव्हीडी. एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर जेमतेम ४.७ जीबी मावायचं, पण त्यावरचा फोटो चुकून डिलीट होत नसे, व्हायरसलाही तो बदलता येत नसे. तिसरी प्रत नातेवाइकांकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये जायची. ती नेऊन ठेवायचा कंटाळा यायचा आणि नियम बहुधा तिथेच मोडायचा.

मे २०१५ मध्ये गूगल फोटोज आलं आणि हा कंटाळा मिटला. फोटो काढला की तो वायफायवरून आपोआप घराबाहेर जाऊ लागला. पूर किंवा चोरीपासून संरक्षण मिळालं, हे खरंच. पण ही सेवा फोनशी सिंक झालेली असते. बॅकअप चालू असताना ॲपमधून फोटो काढून टाकला, की तो फोनमधून आणि क्लाउडवरून, दोन्हीकडून जातो. कचरापेटीत तो ६० दिवस असतो, मग कायमचा नाहीसा होतो. डीव्हीडीचा न पुसला जाण्याचा गुण इथे नाही.

समजा, एका कुटुंबाचे २०० जीबी फोटो आहेत. फोन भरला म्हणून कुणी 'Free up space' दाबलं, तर फोनमधल्या प्रती जातात आणि उरते फक्त क्लाउडवरची एक. बॅकअप 'Storage saver' वर असेल, तर तीही दाबून लहान केलेली. म्हणून हे बटण दाबण्याआधी मूळ फाइली संगणकावर आणि तिथून एका बाहेरच्या डिस्कवर उतरवायला हव्यात. ही डिस्क एरवी काढून कपाटात ठेवावी, कारण जोडलेली नसलेली डिस्कच आता डीव्हीडीचं काम करते. संगणक, डिस्क आणि क्लाउड मिळून तीन प्रती होतात. २० एमबीपीएस अपलोड वेगाने २०० जीबी चढायला साधारण २२ तास लागतात, तेव्हा पहिल्या खेपेला घाई करू नये. पुढे वर्षातून एकदा डिस्कवरचे आणि क्लाउडवरचे जुने फोटो उघडून पाहावेत. फाइलचं नाव दिसलं म्हणजे फोटो शाबूत आहे असं नाही.

क्लाउडच्या अटीही बदलत गेल्या. जून २०२१ पासून फुकट अमर्याद जागा बंद झाली, आणि आता फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत ईमेलही मोजला जातो. डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं. घरातले सगळे फोटो आईच्या किंवा बाबांच्या एकाच खात्यात असतील, तर खातं वापरात राहिलं नाही की त्यातला डेटा कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या त्याच्या 'Inactive Account Manager' मध्ये घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी नाव आजच घालून ठेवावं.