दोन किलो गेले कुठे?

रंकाळ्याच्या काठाने सकाळच्या फेऱ्या पूर्ण करून बाटलीतले लिंबू-मधाचे पाणी पिणारी मंडळी रोज दिसतात. त्यांच्यातल्याच आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी गेल्या महिन्यात ‘डिटॉक्स’ चहा मागवला आणि रोज रात्री एक कप घेऊन पाचव्या सकाळी त्या काट्यावर उभ्या राहिल्या. “चार दिवसांत दोन किलो उतरलं बघा,” असे त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितले. काटा चुकीचा नव्हता. मात्र उतरले ते नेमके काय, हे काटा सांगत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे दोन किलो चरबी खर्ची पडायला १५,४०० कॅलरी लागतील. वहिनींचा दिवसाचा खर्च २,००० कॅलरी धरला आणि त्यांनी चार दिवस अन्नाचा कणही घेतला नाही असे मानले, तरी एकूण खर्च ८,००० कॅलरींचा होतो. प्रत्यक्षात त्या रोज जेवत होत्या आणि रविवारी तांबडा-पांढरा रस्साही झाला होता. तेव्हा ते दोन किलो चरबीचे असणे शक्यच नव्हते.

चरबी ‘वितळून’ लघवीवाटे किंवा शौचावाटे बाहेर पडते, ही समजूतही बरोबर नाही. चरबीचे ऑक्सिजनशी ज्वलन होऊन तिचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बनते. दहा किलो चरबी पूर्ण जळली, तर त्यातील सुमारे ८.४ किलो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने जाते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. चरबीची मुख्य वाट नाकातून आहे, म्हणून पोट साफ झाल्याने ती कमी होत नाही.

मग वहिनींचे काय कमी झाले? पाकिटामागच्या बारीक अक्षरांत ‘सेन्ना’ हा शब्द होता. ही आपली जुनी सोनामुखी. तिच्यातील द्रव्ये लहान आतड्यात जवळजवळ जशीच्या तशी राहतात आणि मोठ्या आतड्यातील जिवाणूंनी त्यांचे रूपांतर केल्यावर तिथल्या स्नायूंना चालना मिळते, शिवाय पाणी शोषले जाण्याऐवजी आतड्यातच राहते. पण अन्नातील बहुतेक कॅलरी त्याआधीच, लहान आतड्यात, रक्तात गेलेल्या असतात. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेचकाने कित्येक लिटर जुलाब झाले, तरी शोषल्या जाणाऱ्या कॅलरी साधारण १२ टक्क्यांनीच घटल्या. वहिनींचे गेले ते बहुतांशी पाणी आणि मळ. दीर्घकाळ असे चालले तर पोटॅशियम घटते, पोटऱ्यांत गोळे येतात, थकवा येतो, छातीत धडधडते. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक.

लिंबू-मधाच्या पाण्याची गोष्ट सौम्य आहे. एक छोटा चमचा मधात सुमारे २१ कॅलरी असतात आणि तेवढ्याच चमचाभर साखरेत १६, कारण मध साखरेपेक्षा जड असतो. हे पाणी दोन कप गोड चहा आणि खारीच्या जागी आले, तर फायदा होतो, पण तो न खाल्लेल्या खारीचा. जिऱ्याच्या पाण्याने वजन घटते, असे म्हणताना इराणमधील २०१४ चा एक अभ्यास सांगितला जातो. त्यात ८८ स्त्रियांपैकी एका गटाने रोज तीन ग्रॅम जिरेपूड दह्यातून घेतली होती आणि दोन्ही गटांचा आहारही बेताचा ठेवला होता. जिरे भिजवून गाळलेल्या पाण्याला तो निष्कर्ष लावता येत नाही.

ॲपल सायडर व्हिनेगरच्या बाजूने थोडाफार पुरावा आहे. २००९ मधील जपानी अभ्यासात रोज १५ ते ३० मिलिलिटर व्हिनेगर घेणाऱ्यांचे वजन बारा आठवड्यांत साधारण एक ते दोन किलोंनी घटले आणि ते बंद केल्यावर पुन्हा वाढू लागले. संशोधक व्हिनेगर बनवणाऱ्या कंपनीचे होते, हेही लक्षात ठेवावे. लेबनॉनमधील २०२४ चा शोधनिबंध सहा-सात किलो घटल्याचे सांगत होता. त्याच्या आकड्यांवर शंका आल्याने नियतकालिकाने तो २०२५ मध्ये मागे घेतला. व्हिनेगर पाण्यात न मिसळता घेतल्यास त्याच्या आम्लाने दातांचे आवरण झिजते, हे मात्र निश्चित.

वहिनींना मी शिवणकामाची टेप दिली आणि बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर लिहून ठेवायला सांगितले. चरबी खरोखर जात असेल, तर काही आठवड्यांत घेर कमी होतो. नुसते पाणी गेले असेल, तर काटा हलतो आणि टेप जागच्या जागी राहते. चहा थांबवल्यानंतर आठ दिवसांनी काट्यावर दीड किलो परत आले होते. घेर पहिल्या दिवसाइतकाच होता.